‘पुरळ’ की ‘फोड’? गोवर, कांजिण्या आणि खरूज

मुलुंडकर
भाचा पाच वर्षांचा. रविवारी अंगावर काहीतरी उठलं. ताईनं तीन फोटो काढून डॉक्टरांना पाठवले, तर त्यांनी फोनवर विचारलं, “पुरळ आहे की फोड?” ताई म्हणाली, पुरळ. मागून आजी ओरडली, “गोवर-कांजिण्या आहेत म्हणून सांग!” आता मला प्रश्न पडलाय की या शब्दांत नेमका फरक काय? आणि गोवर-कांजिण्या हा एकच आजार आहे का?

जुनाट
दोन वेगळे. लहानपणी दोन्ही यायचे म्हणून जोडीनं बोलले जातात, इतकंच. क्रियापदं बघा: गोवर निघतो, कांजिण्या येतात, खरूज मात्र होते. ओळखायला सोपं आहे. खाज असेल तर कांजिण्या, नसेल तर गोवर.

बालकक्ष
जुनाटकाका, क्रियापदांचं पटलं, पण खाजेवर निवाडा नको. खाज तर खरजेला सगळ्यांत जास्त, आणि गोवरातही थोडी येऊ शकते. मी बालरुग्ण विभागात परिचारिका आहे, म्हणून डॉक्टरांचा प्रश्न मला कळतो. फोडात पाणी असतं, पुरळात नसतं. गोवराचे लाल डाग एकमेकांत मिसळून चट्टे होतात, पण त्यात पाणी भरत नाही. कांजिण्यांचा दाणा मात्र लाल ठिपक्यापासून सुरू होतो, काही तासांत म्हणा की दिवसाभरात म्हणा, टपोरा पाण्याचा फोड होतो आणि मग खपली धरतो. नवे दाणे येतच राहतात, त्यामुळे एकाच पाठीवर ठिपका, फोड, खपली असं सगळं एकत्र दिसतं. म्हणजे पहिल्या दिवशी ताई ‘पुरळ’ म्हणाली ते खोटं नव्हतं, फक्त लवकर म्हणाली.

मुलुंडकर, फोटोत काय काय आहे ते सांगा. आणि ताप आधी होता का?

मुलुंडकर
पहिला फोटो रविवारचा: छाती-पोटावर लाल ठिपके. दुसरा सोमवारचा: पाठ आणि कपाळ, काही ठिपक्यांत पाणी. तिसरा मनगटाचा आणि बोटांच्या बेचक्यांचा, ओरखडलेला. ताप रविवारीच आला, अंग जरा कोमट. खोकला नाही, डोळे स्वच्छ.

दादरची पमी
मला गेल्या वर्षी कमरेला असेच पाण्याचे फोड आले होते, भयंकर ठणका! डॉक्टर म्हणाले नागीण. पोराला नागीण तर नाही ना?

बालकक्ष
नागीण एका बाजूला, पट्ट्यात येते, पमीताई. हे अंगभर आहे. विषाणू मात्र तोच. लहानपणीच्या कांजिण्यांनंतर तो नसांमध्ये दडून बसतो.

मुलुंडकर, गोवर असता तर आधी तीन-चार दिवस सणसणीत ताप, खोकला, सर्दी, लाल डोळे आले असते. पुरळ कानामागून आणि केसांच्या कडेपासून निघून चेहऱ्यावरून खाली उतरलं असतं. तुमच्याकडे सुरुवातच छाती-पोटावर झाली. हा क्रम एका फोटोत कधीच दिसत नाही, म्हणून तारखेसकट फोटो लागतात. दिवसाच्या उजेडात काढा. आपल्या सावळ्या कातडीवर ट्यूबलाइटखाली लाली हरवते, नुसते तपकिरी उंचवटे दिसतात. २०२२ साली गोवंडीकडे गोवराची साथ आली तेव्हा आम्ही आधी डोळे बघायचो, मग कातडी.

तिसरा फोटो मला खटकतोय. कांजिण्या अंगाच्या मधल्या भागावर दाट आणि हातापायांवर विरळ असतात. बेचक्यांत खाजवतोय तो कधीपासून?

मुलुंडकर
ताईला विचारलं. तीन आठवडे! रात्री झोपू देत नाही म्हणे. शेजारी झोपणारा मोठा भाऊही कमरेला खाजवतो. ताईला वाटलं, उकाड्याचं घामोळं.

बालकक्ष
मग तिथे खरूज असावी, आणि वरून कांजिण्या आल्या. दोन्ही एकदम असू शकतात. रात्रीची खाज, बेचक्या, मनगट, कंबर आणि घरात दुसरा खाजवणारा, एवढं जुळलं की भिंगातून बघायलाच हवं. डॉक्टरांना हात प्रत्यक्ष दाखवा. पण जाण्याआधी फोन करून सांगा, बाहेरच्या बाकावर तान्ही बाळं बसलेली असतात.

मुलुंडकर
आज दाखवलं. कांजिण्या नक्की. सगळ्या दाण्यांनी खपली धरेपर्यंत शाळा बंद. मनगटावर भिंगातून बारीक वाकडी रेघ दिसली, किड्यानं कातडीत पोखरलेली. बेचक्यांतले दोन फोड मात्र कशाचे, ते त्यांनाही सांगता आलं नाही. मलम खपल्या वाळल्यावर, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं आणि आठवड्यानं पुन्हा. आजी म्हणते, “मला कशाला? मला खाजत नाही.”

बालकक्ष
आजींनाही लावा. पहिल्यांदाच होत असेल तर खाज सुरू व्हायला चार-सहा आठवडे लागू शकतात. आणि मलम लावल्यावरही दोन-तीन आठवडे खाज राहते, म्हणून रोज लावत बसू नका.

जुनाट
माझी एक शंका राहिलीच. तुम्ही ‘खरजेला’ लिहिलंत, आमच्याकडे ‘खरुजेला’ म्हणतात. आणि पेपरवाले ‘गोवराची’ न लिहिता ‘गोवरची साथ’ का लिहितात?