‘गॅझेट’, ‘गॅझेटियर’ आणि ‘दर्शनिका’

सुमेध: शहादा तालुक्यातल्या आमच्या गावाचा इतिहास लिहितोय. 1880च्या खानदेश गॅझेटियरला मराठीत ‘राजपत्र’ म्हणावं का?

प्रभाकर: म्हणा की. सरकारने छापलं ते राजपत्रच. त्यात हद्द आली की ती कायदेशीर.

वृंदा: नाही हो. राजपत्र म्हणजे गॅझेट, त्यात अधिसूचना छापून येतात. गॅझेटियर हा जिल्ह्याच्या माहितीचा ग्रंथ. सरकारी विभागाने त्याला ‘दर्शनिका’ शब्द घेतला आहे. हद्दीचा वाद असेल तर अधिसूचना आणि मोजणीचे नकाशे बघायचे, दर्शनिका नाही.

संजीवनी: ‘दर्शनिका’ ऐकून मला देवस्थानाची माहितीपुस्तिका आठवते! आम्ही घरी गॅझेटियरच म्हणतो. आमचा सातबारा त्यात सापडेल का?

वृंदा: सातबारा तलाठ्याकडे, संजीवनीताई. गॅझेटियरमध्ये तालुक्याचे आकडे मिळतील, गट नंबर नाही.

सुमेध, ‘खानदेश’ शब्दही जपून वापरा. 1880 साली तो एकच जिल्हा होता. 1906 साली पूर्व आणि पश्चिम असे दोन झाले. तुमचा शहादा पश्चिमेत, पुढे धुळ्यात आणि 1998पासून नंदुरबारात. जुन्या ‘जिल्ह्याचा’ आकडा आजच्या नंदुरबारला लावलात की गेलंच.

सुमेध: पाऊस आणि जमीन मात्र तशीच घेऊ ना? मी ‘हेल्ड फॉर टिलेज’चं ‘लागवडीखालील’ केलंय.

वृंदा: तिथेच गफलत आहे. ती खातेदारांच्या नावावरची जमीन. पुढच्या ओळीत पडीत आणि गवताची वजा केलेली असते, दुबार पिकाची मिळवलेली असते. समजा 100 एकर नावावर, 10 पडीत, 5 दुबार. पेरलेली जमीन 90, पण पिकांची बेरीज 95. तुमचा ‘लागवडीखालील’ 100 या दोन्हींशी जुळत नाही. ‘खात्यावरील’ लिहा.

पावसाचे आकडे इंचांत आहेत, 25.4ने गुणा म्हणजे मिलिमीटर. पण पर्जन्यमापक बहुधा तालुक्याच्या ठाण्यावर, सपाटीत. सातपुड्याच्या चढावरच्या गावाला तो आकडा चिकटवू नका. शिवाय सरासरी किती वर्षांची तेही बघा. पाचसात वर्षांत एखादा दुष्काळ सापडला तर सगळंच खाली येतं.

प्रभाकर: राजपत्राचं मान्य. पण इतिहासाला तरी ते प्रमाण धरावं ना?

वृंदा: महसुलापुरतं बरंचसं. जातींच्या ‘स्वभावा’बद्दल लिहिलेलं वाचा, तो त्या काळच्या साहेबाचा चष्मा आहे. अवतरण देताना खंड आणि साल देऊन ‘असे नोंदवले आहे’ लिहा, ‘असे होते’ नको.

सुमेध: आमचं गाव इनाम होतं म्हणतात. मग ते या आकड्यांत धरलंय का?

वृंदा: तक्त्याच्या मथळ्यात ‘सरकारी गावे’ आहे का ते आधी बघा. असेल तर तुमचं गाव बाहेर.