मदत हवी आहे: मीटिंगनंतर कंपनीला एका पानाचं प्रपोजल कसं लिहू?

बडोदेकरीण

नमस्कार मंडळी. मी एक्सेल आणि पॉवर बीआयमध्ये रिपोर्ट तयार करून देते. आजवर बहुतेक कामं अपवर्कवर मिळाली. तिथे जाहिरात वाचून चार ओळींचा बिड टाकायचा, एवढंच माहीत.

आता ओळखीतून मकरपुरा जीआयडीसीतली एक व्हॉल्व्ह बनवणारी कंपनी आली आहे. त्यांचा दुसरा प्लांट हालोलला. परवा पाऊण तास ऑनलाइन बोलणं झालं. प्लांट हेड होते, अकाउंट्सचे एक भाई होते आणि एक आयटीचा मुलगा. त्रास असा की दोन्ही प्लांटचा स्टॉक वेगवेगळा. टॅलीत एक आकडा, स्टोअरच्या एक्सेलमध्ये दुसरा. महिनाअखेर दोन माणसं चार-चार दिवस मेळ घालत बसतात. शिवाय हालोलला पडून असलेलं कास्टिंग मकरपुऱ्याने पुन्हा मागवलं, असं "महिन्यात दोन-तीनदा तरी होतंच," असं प्लांट हेड म्हणाले.

शेवटी ते म्हणाले, "एका पानात लिहून पाठवा, शेठना दाखवतो." शेठ कॉलवर नव्हते.

माझ्या कच्च्या खर्ड्यात वर माझा अनुभव आहे, मग कोणती टूल्स वापरते ते, मग तासाचा दर. वाचताना बिडच वाटतो. काय आधी लिहू आणि किंमत कशी सांगू?

---

इंदुरी_जीरावण

ताई, पहिल्या दोन ओळींवर सगळा जोर द्या. क्लायंटला यादीत तेवढ्याच दिसतात, बाकीचं तो उघडून बघेलच असं नाही. जाहिरातीतला एखादा शब्द उचलून सुरुवात करा. आणि बिड लवकर टाका, पन्नास जणांच्या खाली गेलात की संपलं.

---

बडोदेकरीण

दादा, इथे जाहिरातच नाही, बोलणं होऊन गेलंय. आणि माझ्या माहितीत तरी दुसरं कोणी स्पर्धेत नाही.

---

लेखापाल_वहिनी

आधी एक विचारते. हा क्लायंट अपवर्कवर भेटलेला नाही ना? तिथे भेटला असेल तर दोन वर्षं पैसे तिथूनच घ्यावे लागतात, परस्पर प्रपोजल पाठवणं अंगाशी येईल. ओळखीतून आलाय म्हणता, तर प्रश्न नाही.

---

मांडवी_दरवाजा

मी बरीच वर्षं खरेदी विभागात होतो, म्हणजे अशी पानं ज्याच्या टेबलावर येतात त्या बाजूला. तिकडून कसं दिसतं ते सांगतो.

तुमचं पान शेठ वाचणार, आणि शेठनी तुमचा आवाजही ऐकलेला नाही. प्लांट हेड ते फॉरवर्ड करतील किंवा प्रिंट काढून समोर ठेवतील. तेव्हा तुम्ही समजवायला तिथे नसाल. म्हणून तुमचा अनुभव तळाला, एका ओळीत. वर त्यांचा त्रास, त्यांच्याच शब्दांत आणि त्यांनीच सांगितलेल्या आकड्यांत. "स्टॉक व्यवस्थापनातील अडचणी" असं लिहिलंत की शेठ म्हणतील, हे तर सगळीकडेच असतं. "हालोलला असलेलं कास्टिंग मकरपुऱ्याने पुन्हा मागवलं" वाचलं की ते प्लांट हेडकडे बघून विचारतील, "कधी?" तिथून पुढचं बोलणं तुमच्या कामाचंच होणार.

पण पान लिहायला बसण्याआधी एक करा. आजच प्लांट हेड आणि अकाउंट्सच्या भाईंना पाच-सहा ओळींची मेल टाका: मला समजलं ते असं, चूक असेल तर सांगा. किंमत नको, आश्वासन नको. लोक अशा मेलला उत्तर देतात, कारण चूक दुरुस्त करायला आवडते. आणि त्यांनी दुरुस्त केलेला आकडा मग त्यांचाच होतो, शेठसमोर ते तो नाकारत नाहीत.

आता तुमच्या कामातली खरी मेख. दोन्ही प्लांटचे आयटम कोड एकच आहेत का? हे कॉलवर विचारलंत?

---

बडोदेकरीण

विचारलं होतं. आयटीचा मुलगा म्हणाला, "ऑलमोस्ट सेम." मकरपुऱ्याचे साधारण चौदाशे आयटम. हालोलचा आकडा त्याच्याकडे नव्हता.

---

मांडवी_दरवाजा

"ऑलमोस्ट सेम" म्हणजे सेम नाहीत. एकाच कास्टिंगचं नाव एकीकडे "बॉडी ५० एमएम सीआय" आणि दुसरीकडे "सीआय बॉडी २ इंच" असणार. दोन्ही एकच माल, पण तुमच्या रिपोर्टला ते दोन वेगळे आयटम. ते जुळवल्याशिवाय रिपोर्ट उघडेल झकास, आकडे खोटे दाखवेल. जुळवायचं काम कोणाचं, हे पानावर नसेल तर ते तुमच्या गळ्यात पडेल, आणि ते तुम्हाला जमणारही नाही. कुठलं कास्टिंग कुठलं, हे स्टोअरकीपरलाच माहीत.

म्हणून कामात काय येतं याच्या खालीच काय येत नाही ते लिहा. साधारण असं:

"दोन्ही प्लांटच्या आयटम यादीत न जुळणारी नावं आम्ही शोधून देऊ. कोणता आयटम कोणता, हे आपल्या स्टोअरने ठरवून द्यायचं. दोन्ही मिळून २,५०० आयटमपर्यंतचं काम या किमतीत धरलं आहे. टॅलीतील जुन्या नोंदींची दुरुस्ती यात नाही."

तारीखही तशीच बांधा. "तीन आठवड्यांत" नको, "जुळवलेली यादी हाती आल्यापासून तीन आठवड्यांत" लिहा. स्टोअरने महिना लावला तर तो महिना तुमच्या नावावर चढत नाही.

---

ग्वाल्हेरचा_एकटा

सांभाळून हो ताई. मी एका कंपनीला असंच सविस्तर लिहून दिलं होतं. कोणता डेटा कुठून उचलायचा, कुठल्या टेबलला काय जोडायचं, सगळं. त्यांनी तोच कागद दुसऱ्या दोघांकडे फिरवला आणि स्वस्तातल्याला काम दिलं. तेव्हापासून मी आधी पैसे घेतो, मगच लिहितो. कोणी दिले नाहीत तर नाही.

---

मांडवी_दरवाजा

दादा, तुमचा राग बरोबर आहे, पण उपाय त्या कागदातच होता. काय मिळेल ते लिहायचं, कसं करणार ते नाही. "रोज सकाळी नऊ वाजता दोन्ही प्लांटचा कास्टिंग स्टॉक एका स्क्रीनवर दिसेल" हे शेठना हवं असतं. टेबल कसं जोडणार हे त्यांना समजत नाही, समजतं ते फक्त तुमच्याऐवजी येणाऱ्या माणसाला.

---

इंदुरी_जीरावण

आधी मी प्रश्न उलटा समजलो, क्षमा असावी. किमतीचं सांगतो. तीन पॅकेज द्या, छोटं-मधलं-मोठं. माणूस मधलं उचलतो, नेहमीचं आहे.

---

मांडवी_दरवाजा

पर्याय द्यावेत हे मान्य. पण एका पानावर तीन पर्याय म्हणजे खरेदीवाला तीन रकाने करून तुलना करत बसतो आणि फाईल पडून राहते. दोन पुरे. आणि फरक कामाच्या व्याप्तीत असावा, कमी-जास्त चांगल्या दर्जात नको. इथे तर ते आपसूक पडतात: पहिला टप्पा फक्त कास्टिंगचा, दोन्ही प्लांटचा. दुसरा टप्पा बाकी सगळा स्टॉक. शेठना पहिला घेऊन बघता येतो.

तासाचा दर मात्र काढून टाका. तास दिसले की ते तासांवर घासाघीस करतात, आणि हात भरभर चालला तर तुमचंच नुकसान. प्रत्येक टप्प्याची एकरकमी किंमत लिहा. घासाघीस झालीच तर टप्पा कमी करा, आकडा नाही.

---

लेखापाल_वहिनी

किमतीपुढे एक ओळ विसरू नका. जीएसटी नोंदणी असेल तर "जीएसटी वेगळा" असं लिहा, नाहीतर ते रक्कम सगळं धरूनच समजतील आणि १८ टक्के तुमच्या खिशातून जातील. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असून नोंदणी नसेल, तर जीएसटीचा उल्लेखही नको, लावताच येत नाही. टीडीएस ते कापतीलच, तो हिशेबात धरा.

उद्यम नोंदणी असेल तर तिचा नंबर तळाशी टाका. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला पैसे द्यायला ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत कायद्याने लिहिता येत नाही, आणि लेखी काहीच ठरलं नसेल तर १५ दिवस. मोठ्या कंपन्यांचे अकाउंट्सवाले हल्ली तो नंबर बघतात.

---

बडोदेकरीण

मेल टाकली होती. अकाउंट्सच्या भाईंचं उत्तर दुपारीच आलं, आणि बरं झालं विचारलं. त्या चार दिवसांपैकी दोन दिवस प्रत्यक्ष मालमोजणीचे असतात, ती ऑडिटसाठी करावीच लागते. म्हणजे माझ्या रिपोर्टने ते दोन दिवस वाचणार नाहीत. मी मात्र "चार दिवसांचं काम मिनिटांत" असं लिहायच्या तयारीत होते. दुसरं म्हणजे, ऑगस्टमध्ये दुबार मागवलेलं कास्टिंग अडीच लाखांचं होतं आणि अजून पडून आहे, हे त्यांनी आपणहून लिहिलं.

आता पानाचा वरचा भाग असा (मूळ इंग्रजीत आहे, इथे मराठीत देते):

"मकरपुरा आणि हालोलचा स्टॉक आज वेगवेगळा बघावा लागतो. त्यामुळे एका प्लांटमध्ये शिल्लक असलेलं कास्टिंग दुसरा प्लांट पुन्हा मागवतो. ऑगस्टमधील अशा एका ऑर्डरचे सुमारे अडीच लाख रुपये अजून मालात अडकले आहेत. महिनाअखेर आकडे जुळवण्यात दोन माणसांचे दोन-दोन दिवस जातात. मालमोजणीचा वेळ यात धरलेला नाही.

पहिल्या टप्प्यानंतर खरेदी विभागाला ऑर्डर टाकण्यापूर्वी दोन्ही प्लांटचा कास्टिंग स्टॉक एका ठिकाणी, आदल्या संध्याकाळपर्यंतचा, दिसेल."

खाली कामात काय आहे-नाही ते, मग पहिला टप्पा ६०,००० आणि दुसरा ८०,०००, मग त्यांच्याकडून काय लागेल, आणि किंमत ३० दिवस कायम. सगळं एका ए-फोर पानात बसलं, अक्षर बारीक न करता.

---

मांडवी_दरवाजा

"आदल्या संध्याकाळपर्यंतचा" फार छान. मी नऊ वाजता म्हणालो होतो, पण तुमचं जास्त खरं आहे. स्टोअरने नोंद उशिरा केली तर सकाळचा आकडा कोण खरा धरणार?

शेवटी पुढचं पाऊल एकच ठेवा. "काही शंका असल्यास संपर्क साधावा" नको. "पहिला टप्पा मान्य असल्यास या मेलला होकार कळवावा किंवा परचेस ऑर्डर पाठवावी, दोन्ही प्लांटच्या आयटम यादीपासून सुरुवात करू" असं लिहा. पान पीडीएफ करून जोडा, पण त्रासाच्या दोन ओळी आणि किंमत मेलमध्येही टाका. शेठ फोनवर वाचतात, अटॅचमेंट उघडतीलच असं नाही.

---

बडोदेकरीण

शेवटचा प्रश्न. पहिल्या टप्प्याचे ४० टक्के आगाऊ मागू का? अकाउंट्सचे भाई बोलता बोलता म्हणाले होते की आमच्याकडे बिल पास झाल्यावर ३० दिवसांनी पैसे निघतात.

---

ग्वाल्हेरचा_एकटा

मागायचेच. न मागता कोणी देत नाही.

---

मांडवी_दरवाजा

माझं मत वेगळं. अशा कंपनीत आगाऊ रकमेला वेगळी मंजुरी लागते, आणि साठ हजारांच्या कामासाठी ती मागायला प्लांट हेड शेठकडे जाणार नाहीत. त्यापेक्षा पहिला टप्पाच दोन बिलांत तोडा. न जुळणाऱ्या आयटमची यादी दिली की पहिलं बिल. ती चार-पाच दिवसांत होते, आणि यादी त्यांच्या हातात पडल्यावर बिल अडवायला कारण उरत नाही.

---

लेखापाल_वहिनी

मी मागितले असते. फार तर नाही म्हणतील. पण नव्या माणसाने मागावेत का, ते तुम्ही भाईंचा सूर ऐकला आहे, तुम्हालाच कळेल.

---

बडोदेकरीण

दोन बिलांचं लिहिते. आगाऊचं पानावर नको, प्लांट हेडना फोनवर विचारून बघते. यादीचं बिल २०,००० ठेवलं आहे, उरलेले ४०,००० रिपोर्ट चालू झाल्यावर. हालोलचे आयटम किती, हे विचारायला आयटीच्या मुलाला आत्ताच मेसेज टाकला. उत्तर आलं की पान पाठवते.