प्रतिसाद: फिटनेस बँड ॲपला सापडत नाही

"नवीन फोनवर ॲप टाकलं, पण बँड दिसतच नाही. बिघडला का?"

बहुधा जुन्या फोनने तो धरून ठेवलाय. असे बँड सहसा एका वेळी एकाच फोनला जोडले जातात आणि तोवर दुसऱ्याला दिसत नाहीत. नौपाड्यातल्या आमच्या शेजारच्या काकूंचा बँड घरी सापडेना, तलावपाळीवर मात्र लगेच दिसला. जुना फोन घरीच, ब्लूटूथ चालू ठेवून चार्जिंगला होता!

आधी जुन्या ॲपमध्ये सिंक करा, कारण अनपेअर केल्यावर काही बँड रिसेट होतात. मग अनपेअर करून ब्लूटूथच्या यादीतूनही काढा. नवीन फोनवर जोडणी ॲपमधूनच करा, फोनच्या सेटिंगमधून नको. अँड्रॉइड 11 किंवा त्याआधीचं असेल तर लोकेशनही चालू ठेवा, नाहीतर स्कॅन रिकामं येतं.