मदत हवी आहे: गोधड्यांच्या ऑनलाइन दुकानाला नाव, लोगो आणि 'आमच्याबद्दल'

सातारकर_सून
मी आणि सासूबाई जुन्या सुती साड्यांच्या गोधड्या, बसकरं आणि उशांचे अभ्रे शिवतो. आतापर्यंत व्हॉट्सअॅपवर ओळखीतल्यांनाच विकलं, दिवाळीआधी वेबसाइट काढायची आहे. नावं तीन सुचली आहेत: 'ऊब', 'टाका' आणि 'आजीची गोधडी'. भाच्याने लोगो केलाय, त्यात सुई, दोरा, कौलारू घर आणि कमळ आहे, चार रंगांत. 'आमच्याबद्दल'मध्ये "पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा, प्रेमाने शिवलेली" असं लिहिलंय. काहीतरी खटकतंय, पण काय ते कळत नाही.

मुळामुठा
'टाका' नको. "टाका डॉट कॉमवर या" म्हटलं की लोक विचारतील, काय टाकू? शिवाय इंग्रजी अक्षरांत taka शोधलं तर बांगलादेशचं चलन निघतं.

बाजारबुणगा
लोक शोधतात तेच नाव ठेवा. 'सोलापुरी गोधडी' ठेवलंत तर सोलापूरचं नाव सगळ्यांना माहीत असल्याने आपोआप गिऱ्हाईक येईल.

छापखाना
लोक 'गोधडी' शोधतात हे बरोबर, पण ते दुकानाचं नाव करायची गरज नाही. तो शब्द प्रत्येक वस्तूच्या शीर्षकात घाला, शोधणाऱ्याला तिथे सापडेल. मालाचं नुसतं वर्णन करणारा शब्द ट्रेडमार्क म्हणून सहसा मिळत नाही, आणि 'आजीची गोधडी' उद्या कोणीही वापरेल. 'सोलापुरी' तर नकोच. सोलापुरी चादरीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे आणि तुम्ही साताऱ्यात शिवता, म्हणजे नावातच खोटं.

'ऊब' सुंदर आहे, पण गिऱ्हाईक ते टाइप कसं करणार? ub, oob की uub? नाव पक्कं करण्याआधी आठ-दहा जणांना फोन करून नुसतं ऐकवा आणि व्हॉट्सअॅपवर इंग्रजी अक्षरांत लिहून मागवा. मग ipindia.gov.in वर ट्रेडमार्क शोधा. तुमच्या गोधड्या आणि अभ्रे कापडी मालाच्या वर्ग २४ मध्ये येतील. उच्चारावरून शोधायची सोय आहे तीही वापरा, कारण स्पेलिंग वेगळं असलं तरी उच्चार सारखा असेल तर अडचण येते. व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गाला ४५०० रुपये शुल्क आहे. गोधडीच्या टाक्याला तुमच्याकडे काय म्हणतात? तिथे शोधा.

सातारकर_सून
सासूबाई धावदोरा म्हणतात!

हळदकुंकू
माझा मसाल्यांचा धंदा आहे. लोगोवर मिरची, लवंग, जायपत्री सगळं होतं. रबरी शिक्का करून खोक्यावर मारला तर शाईचा गोळा! शेवटी एकच मिरची ठेवली. खोकी कुठून घेता हो?

छापखाना
हाच मुद्दा. भाच्याचा लोगो काळ्या रंगात छापून नखाएवढा करा आणि हातभर लांबून बघा. इन्स्टाच्या गोलात आणि गोधडीच्या कडेला शिवायच्या विणलेल्या लेबलवर तो तेवढाच दिसणार, आणि लेबलात बारीक रेघा एकमेकींत मिसळतात. नाव 'धावदोरा' ठरलं तर चित्रच नको. शिरोरेषा सलग न काढता टाक्यांसारखी तुटक काढा. पण टाके मोजके आणि जाड हवेत. दहा-बारा बारीक काढले तर लहान आकारात सलग रेघच दिसेल.

सातारकर_सून
नऊ जणांना फोन केले. पाच जणांनी dhavdora लिहिलं, तिघांनी dhawdora, मामांनी davdora. 'ऊब'चे चार प्रकार आले. पहिली दोन्ही स्पेलिंगं घेऊन ठेवते. भाचा रुसलाय, ते घरचं घरी बघू.

आता 'आमच्याबद्दल'मधल्या गोष्टीचं. खरं सांगायचं तर घरच्या साड्या पहिल्या वर्षीच संपल्या. आता बोहारणीकडून घेतो, सोडा घालून उकळतो, दोन उन्हं देतो. हे लिहू का?

मुळामुठा
अजिबात नको. दुसऱ्याचं नेसलेलं अंगावर घ्यायचं म्हटलं की माझी आई पान बंद करेल.

छापखाना
मी लिहीन. 'पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा' कोणीही लिहितं. उकळणं, दोन उन्हं, आत साड्यांचे किती थर, एका गोधडीला सासूबाईंना किती दिवस लागतात, हे फक्त तुम्हीच लिहू शकता. आणि लिहिलं नाहीत तर गिऱ्हाईक 'आजीची साडी' समजून घेईल आणि एक दिवस विचारेल.

मुळामुठा
विचारेल तेव्हा सांगावं. पहिल्याच ओळीत बोहारीण कशाला?

सातारकर_सून
पहिल्या ओळीत सासूबाईंचे अठरा दिवस आणि साड्यांचं खाली वेगळ्या परिच्छेदात, असं करून बघते. सासूबाईंना वाचून दाखवलं तर त्या मुळामुठांच्याच बाजूच्या.

रविवारचा_चहा
डबल बेडची केवढ्याला?