मदत हवी आहे: पहिलीच स्पर्धा, ११ आठवडे उरलेत, ट्रेनिंग कसं लावू?

नवखा_७६
जिल्ह्याच्या स्पर्धेत पहिल्यांदा उतरतोय. रोज दीड तास जिम चालू आहे, चेस्टचे आठवड्याला २२ सेट होतात. वॉल्यूम कधी कमी करायचा आणि शेवटच्या आठवड्यात नक्की काय मारायचं? लवकर सांगा, आज वेळापत्रक लिहून काढायचंय.

तालीमवाला
कॅटेगरी कोणती? मेन्स फिजिक की बॉडीबिल्डिंग? स्टेज कोणत्या वारी? डाएट सुरू झालंय का? पाठ आणि खांद्याचे सेट किती? हे कळल्याशिवाय काय सांगणार!

राजे_फिटनेस
व्हे प्रोटीन कोणतं घेतोस? स्वस्तातलं आयसोलेट कुठे मिळतं ते सांगू शकतो.

नवखा_७६
मेन्स फिजिक. स्टेज रविवारी. ७६ किलो, डाएट दोन आठवड्यांपासून चालू. पाठ १४, खांदे एकूण ९, हात २०, पाय १०. प्रोटीनचं विचारलेलं नाही.

तालीमवाला
मग अडचण चेस्टच्या आकड्यात नाही, वाटपात आहे. फिजिकमध्ये बोर्ड शॉर्ट्स असतात, मांडी झाकलेली. जज पाहतात खांद्याची रुंदी, पाठीचा व्ही आणि कंबर. तुझे खांदे ९ वर अडकलेत, आणि त्यातले बहुतेक सेट प्रेसचे असणार. प्रेसमध्ये पुढचा खांदा जास्त घेतो, रुंदी दाखवणारा बाजूचा भाग उपाशी राहतो.

चेस्ट २२ वरून १२, हात २० वरून १२ करा. सुटलेले सेट बाजूच्या खांद्याला आणि पाठीला द्या. पहिल्या आठवड्यात लॅटरल रेजचे १०, पाठीचे १६. पुढच्या दोन आठवड्यांत दोन्हींना दोन-दोन वाढवा, चौथ्या आठवड्यात वजन तेच ठेवून सेट अर्धे. नंतरचे पाच आठवडे एकही सेट वाढवायचा नाही. त्या काळात पोटात कमी पडतं, झोप बिघडते, सांधे कुरकुरतात. तिथे प्रगती शोधायची नाही, वजन टिकवायचं. एखाद्या व्यायामात लागोपाठ दोन वेळा त्याच वजनावर दोन रेप्स घटले, तर त्या स्नायूचे एक तृतीयांश सेट काढा. वजन कमी करू नका.

पाटील_शरीरसौष्ठव
वजन तेच कशाला? कटिंगमध्ये हलकं वजन आणि २०-२५ रेप्स. तेव्हाच रेषा येतात.

तालीमवाला
पाटीलदादा, रेषा चरबी उतरल्याने येतात, रेप्सने नाही. अंगावर खाणं कमी असताना जड वजनही काढून घेतलं, की स्नायू टिकवायचं कारणच शरीराला राहत नाही. मात्र सांधा दुखत असेल तर तो एक व्यायाम १५ रेप्सवर नेणं बरोबर आहे, तुमचं म्हणणं तिथे लागू पडतं.

सायली_कोच
शेवटचे दोन आठवडे मी सांगते. स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात सेट दोन तृतीयांश. पायाचं शेवटचं जड सत्र त्याच आठवड्यात, शुक्रवारच्या आत. नंतर पाय मारले तर सूज राहते, पोटऱ्या फुगलेल्या दिसतात, आणि फिजिकमध्ये पोटऱ्या उघड्याच असतात.

शेवटचा आठवडा: सोम, मंगळ, बुध वरच्या अंगाचं हलकं सत्र, प्रत्येक स्नायूला ३-४ सेट, १२-१५ रेप्स, थकेपर्यंत नाही. गुरुवारी काही नको. शुक्र-शनि फक्त पोझिंग. स्टेजच्या २०-३० मिनिटं आधी बँड आणि हलक्या डंबेलवर खांदे, पाठ, चेस्ट फुलवा. घाम फुटायच्या आत थांबा, नाहीतर रंग वाहतो.

पाटील_शरीरसौष्ठव
पाण्याचं राहिलं. शनिवारपासून पाणी बंद, मीठ बंद. माझ्या वेळी मी असंच केलं होतं.

सायली_कोच
पाणी बंद करू नका, दादा. स्नायूच बहुतांश पाण्याचा असतो आणि त्यात साठलेल्या ग्लायकोजेनसोबतही पाणी असतं. ते काढलं की पंप येत नाही, अंग सपाट दिसतं. शिवाय चक्कर आणि गोळे येतात, जास्त ओढलं तर हृदयाच्या ठोक्यांवरही परिणाम होतो. मीठही रोजचंच ठेवा.

तालीमवाला
सायलीताई, सोम-बुधच्या सत्रांवर माझं मत वेगळं. शरीर आधीच कोरडं झालंय, तर दोनच सत्रं पुरे. तिसऱ्याने पहिल्यांदा उतरणारा दुखरा होऊन बसतो.

सायली_कोच
ते त्याच्या अंगावर अवलंबून. तीन आठवडे आधी शनि-रविवारी हाच क्रम छोट्या प्रमाणात करून फोटो काढा, मग ठरवा.

नवखा_७६
पोझिंग कधीपासून? अजून सुरूच केलं नाही.

तालीमवाला
आजपासून! रोज १० मिनिटं, समोरून, दोन्ही बाजूंनी, पाठीकडून. पाठ पसरून उभं राहताना एक मिनिटात लॅट्स थरथरतात. सराव नसेल तर जज तुलना करत असताना पाठ मिटते. आणि हो, सध्याचा कमरेचा माप सांगितला नाहीस.