डबल बोल सिंक: एका बोलचं पाणी दुसऱ्यात चढतं तेव्हा (अनुभव धागा)

मधुरा, मुलुंड
आमच्याकडे डाव्या बोलमध्ये भांडी घासतो, उजव्यात भाज्या-तांदूळ धुतो. हल्ली डावीकडचं पाणी सोडलं की उजव्या जाळीतून फेस आणि भाताची शितं वर येतात. दोन्हीकडे पाणी एका पातळीला आलं की मग सावकाश उतरतं. भाजी धुवायच्या जागी खरकटं पाणी येतं, म्हणून जास्त जीव जातो. प्लंबर म्हणतो ट्रॅप बदला, शेजारच्या काकू म्हणतात सिंकच बदल. ज्यांच्याकडे असं झालं त्यांनी लिहा: नेमकं अडकलं कुठे होतं आणि ते कळलं कसं?

अनघा, बोरिवली
रात्री कडकडीत पाणी ओतायचं, वर खायचा सोडा आणि व्हिनेगर. फसफसलं की पाइप मोकळा. आमच्याकडे दर वेळी काम होतं.

सुहास, गोरेगाव
अनघाताई, दर वेळी करावं लागतंय म्हणजे मळ पाइपातच आहे. गरम पाण्याने तूप-तेल वितळतं, दोन हात पुढे जाऊन थंड झालं की तिथे पुन्हा थिजतं. सोडा आणि व्हिनेगर एकमेकांना मारतात, थिजलेल्या चरबीवर त्यांचा फारसा जोर चालत नाही. शिवाय उकळतं पाणी पीव्हीसीच्या जोडांना सोसत नाही.

मधुराताई, मी सोसायट्यांची प्लंबिंगची कामं बघतो. दोन्ही बोलच्या नळ्या खाली टीमध्ये मिळतात, पुढे एकच ट्रॅप आणि तिथून भिंतीत जाणारा आडवा पाइप. पाणी दुसऱ्या बोलमध्ये चढतंय, म्हणजे टीपर्यंतचा रस्ता दोन्हीकडून मोकळा आहे. अडथळा टीच्या पुढे, ट्रॅपमध्ये किंवा आडव्या पाइपात. एकच बोल तुंबत असता आणि दुसरा झरझर उतरत असता, तर त्या बोलची नळी बघितली असती.

खाली बादली ठेवून ट्रॅप उघडा, धुऊन पुन्हा बसवा. वॉशर तिरका बसू देऊ नका. मग मगभर पाणी सोडून बघू नका, फसवणूक होते. अर्धवट तुंबलेला पाइप मगभर पाणी आरामात घेतो. बोल काठोकाठ भरा आणि बूच एकदम काढा. तरीही शेजारचा बोल भरला तर दोष आडव्या पाइपात.

एका घरी अगदी असंच होतं. ट्रॅप स्वच्छ, तरी पाणी चढायचं. स्प्रिंग घातली तर पहिल्या एल्बोपाशी अडली. फिरवून ओढली तेव्हा टोकाला पांढरट, साबणासारखा गोळा, त्यात चहाचा चोथा आणि खोबऱ्याचा कीस. काढला, पण काही आठवड्यांनी पुन्हा तेच. लेव्हल लावून पाहिलं तर किचनचं काम नव्याने करताना पाइप अगदी सपाट टाकलेला. मीटरभर लांबीला साधारण अडीच सेंटिमीटर उतार लागतो. तो तुकडा कापून उतारात टाकला, तेव्हा थांबलं.

प्रकाश, दादर
आमच्या बाथरूमच्या नहाणीतून झुरळं येतात, वासही येतो. ट्रॅप बदलू का?

सुहास, गोरेगाव
प्रकाशराव, तो वेगळा विषय. आधी त्या नहाणीत बादलीभर पाणी ओता. वापर नसला की ट्रॅपमधलं पाणी सुकतं आणि वास वर येतो.

रेश्मा, गिरगाव
आम्ही पंपाने प्रयत्न केला तर दुसऱ्या बोलमधून घाण पाणी अंगावर उडालं. नंतर प्लंबरने दाखवलं: दुसऱ्या बोलच्या तोंडात ओल्या फडक्याचा बोळा दाबून दुसऱ्या माणसाने तळहाताने धरायचा. नाहीतर सगळा जोर तिकडून निघून जातो, मळापर्यंत पोचतच नाही. पावडर किंवा ड्रेन क्लीनर आधी ओतलं असेल तर पंप मारू नका. तसल्या पाण्याने कातडी भाजते. प्लंबर ट्रॅप उघडणार असेल तर त्यालाही आधी सांगा.

विनायक, परळ
आम्ही पहिल्या मजल्यावर. आमच्याकडे नळ बंद असतानाही दोन्ही बोल भरायचे, वरचे लोक भांडी घासत त्या वेळी. आमचे ट्रॅप आणि आडवा पाइप दोन्ही स्वच्छ निघाले. बाहेरच्या उभ्या पाइपात, आमची जोडणी आहे त्याच्या खाली तुंबलं होतं. तेव्हा आपला नळ बंद ठेवून थोडा वेळ नुसतं बघा, हे आधी करा.

मधुरा, मुलुंड
बघितलं. नळ बंद असताना काही येत नाही. ट्रॅप धुऊन बसवला, बोल काठोकाठ भरून सोडला, उजवीकडे चार बोटं पाणी चढलंच. म्हणजे आडवा पाइप. उद्या स्प्रिंगवाला येतोय, त्याला उतारही तपासायला सांगणार आहे. पण पाइप भिंतीतून बाहेर जाऊन सोसायटीच्या उभ्या पाइपाला जिथे मिळतो, त्या जोडापाशी तुंबलेलं निघालं तर खर्च कुणाचा?

विनायक, परळ
आमच्याकडे उभ्या पाइपाचा सोसायटीने केला. जोडाचं मात्र सेक्रेटरी म्हणाले तुमचं, आम्ही म्हणालो तुमचं. अजून चाललंय.