डोंगल लॅपटॉपला दिसतं, ब्राउझरला दिसत नाही. मग डोंगल हवंच कशाला?

खतावणी_बंद
एका कंपनीच्या कामासाठी फायलिंग पोर्टलवर डीएससीने, म्हणजे डोंगलमधल्या डिजिटल सहीने, लॉगिन करतोय. पोर्टल म्हणतं, मदतनीस प्रोग्राम सापडत नाही, डाउनलोड करून इन्स्टॉल करा. तीनदा काढला, तीनदा घातला. डोंगलचा दिवा लागतो, टोकन मॅनेजरमध्ये सर्टिफिकेट दिसतं, मुदतही शिल्लक आहे. गेल्या महिन्यात याच लॅपटॉपवर चाललं होतं. माझं मत स्पष्ट आहे: डोंगल मोडीत काढा आणि सगळ्यांना आधार ओटीपी द्या. कुणाला पटत नसेल तर कारण सांगा.

जुना_आर्टिकल
शंभर टक्के पटतं. पण आज काम अडलंय ना, मग हे करा. अ‍ॅड्रेस बारमध्ये `https://127.0.0.1:1585` टाका, लाल इशारा येईल, Advanced दाबा, मग Proceed. पुन्हा लॉगिन करा. माझं दर महिन्याला असंच चालतं. नाही झालं तर जावा टाका. तेही नाही झालं तर टोकन मॅनेजरमध्ये Initialize आहे, ते मारलं की डोंगल नव्यासारखं होतं.

तारवाला
Initialize ला हात लावू नका! डोंगल नव्यासारखं होतं म्हणजे आतली खासगी किल्ली आणि सर्टिफिकेट दोन्ही पुसली जातात. ती किल्ली दुसरीकडे कुठेही नसते, कारण ती डोंगलच्या आतच तयार झालेली असते. मग पुन्हा अर्ज, पुन्हा व्हिडिओ पडताळणी, पुन्हा पैसे.

१५८५ चा उपाय खोटा नाही, पण तो जीएसटी पोर्टलच्या मदतनिसाचा, एमसायनरचा आहे. आयकराच्या पोर्टलला एमब्रिज लागतं, ते वेगळ्या दारावर, म्हणजे वेगळ्या पोर्ट क्रमांकावर बसतं. जावाचं म्हणाल तर ती अ‍ॅपलेटच्या काळातली आठवण. क्रोमने २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये तसले प्लगइन बंद केले. तेव्हापासून ब्राउझर डोंगलशी थेट बोलतच नाही. पोर्टलचं पान तुमच्याच लॅपटॉपवर चालणाऱ्या मदतनिसाला हाक मारतं, मदतनीस ड्रायव्हरला, ड्रायव्हर डोंगलला. टोकन मॅनेजरमध्ये सर्टिफिकेट दिसतंय म्हणजे ड्रायव्हर आणि डोंगल ठीक आहेत. तुटलंय ते त्याच्या अलीकडे, पान आणि मदतनीस यांच्या मध्ये. त्यामुळे डोंगलला शिव्या देण्यात अर्थ नाही.

खतावणी, पोर्टलचं नाव लिहिलं नाहीत ते बरंच केलंत. एमब्रिज आहे असं धरतो. कमांड प्रॉम्प्टमध्ये हे दोन चालवा आणि काय येतं ते इथे लिहा:

```
netstat -ano | findstr 26769
nslookup localhost.emudhra.com
```

सही_रे_सही
मलाही सेम प्रॉब्लेम!! पिन टाकतो तर लॉक झालं म्हणतं. कुणाकडे डीफॉल्ट पिन आहे का?

तारवाला
तुमचा प्रॉब्लेम सेम नाही. पिन विचारला गेला म्हणजे ब्राउझरपासून डोंगलपर्यंतची वाट मोकळी आहे. चुकीचा पिन पुन्हा पुन्हा टाकल्याने डोंगलने स्वतःला कुलूप लावलंय. डीफॉल्ट पिन शोधत आणखी प्रयत्न करू नका. ज्यांच्याकडून सर्टिफिकेट घेतलं त्यांना फोन करा, काही डोंगल त्यांच्याकडून उघडून मिळतात.

कायदा_आणि_चहा
मूळ मताकडे येतो, कारण मला ते पटत नाही. ओटीपी म्हणजे सिमकार्डवरचा विश्वास. सिम दुसऱ्याच्या हातात गेलं की सहीही गेली. डोंगलमधली किल्ली कॉपी होत नाही. सही करायची तर ती वस्तू हातात हवी आणि पिन डोक्यात हवा. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४२ मध्ये खासगी किल्ली आपल्या ताब्यात ठेवण्याची जबाबदारी सही करणाऱ्यावर टाकलेली आहे. कंपनीच्या कागदावर एवढी खात्री मागणं जास्त नाही.

सांगलीची_सीए
कलम ४२ वाचून बरं वाटलं. आता माझ्या टेबलाचा डावा खण बघायला या. सत्तरेक डोंगल आहेत, बिस्किटाच्या डब्यात, प्रत्येकावर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर संचालकाचं नाव आणि खाली पिन. क्लायंट स्वतः आणून देतात. "मॅडम, तुमच्याकडेच राहू दे, आम्हाला नको ती कटकट." मी परत केले तर मार्चमध्ये रडत येतील. कॉपी न होणारी किल्ली, आणि तिची चावी माझ्या ऑफिसातल्या कुठल्याही पोराच्या हातात. ओटीपी निदान मालकाच्या फोनवर तरी जातो, त्याला कळतं तरी की काहीतरी सही होतेय.

कायदा_आणि_चहा
ताई, हा तुमच्या खणाचा दोष, डोंगलचा नाही.

सांगलीची_सीए
अहो, सगळ्याच ऑफिसांतले खण असे असतील तर तो खणाचा दोष राहत नाही ना.

खतावणी_बंद
चालवलं. पहिल्या कमांडला एक ओळ आली, शेवटी LISTENING आणि एक आकडा. दुसरीला 127.0.0.1 आलं. आता?

तारवाला
छान, निम्मं काम झालं. पहिली ओळ सांगते की मदतनीस चालू आहे आणि दारात उभा आहे. ती आली नसती तर प्रोग्राम बंद पडलाय किंवा अँटिव्हायरसने उठू दिला नाही, असं म्हटलं असतं. दुसरीचं उत्तर सांगते की नाव बरोबर तुमच्याच लॅपटॉपकडे वळतंय. काही राउटर अशी उत्तरं मुद्दाम अडवतात, कारण बाहेरच्या नावाने आतला पत्ता येणं हे हल्ल्याचं लक्षण मानलं जातं. तिथे एमब्रिज दहादा टाकूनही काही होत नाही, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मात्र लगेच चालतं. तुमचं ते नाही.

आता दोन गोष्टी करा. क्रोमच्या नव्या टॅबमध्ये `https://localhost.emudhra.com:26769` थेट उघडा. तिथे काय लिहिलंय ते महत्त्वाचं नाही. काहीतरी उत्तर येतं की "पोहोचता येत नाही" म्हणतं, तेवढंच बघा. मग फायरफॉक्समधून पोर्टलवर लॉगिन करून पाहा.

रिमोट_राजा
मध्येच घुसतो. डोंगल पुण्याच्या ऑफिसातल्या पीसीला लावलंय, मी ठाण्याहून रिमोट डेस्कटॉपने जातो. तिथे बसलेल्या मुलाला सर्टिफिकेट दिसतं, मला नाही. तोच पीसी, तेच डोंगल! मी तर ओटीपीच्याच बाजूने.

तारवाला
विंडोजचं रिमोट डेस्कटॉप स्मार्टकार्ड तुमच्या समोरच्या मशीनवर शोधतं, पलीकडच्या नाही. म्हणून डोंगल ठाण्याला तुमच्या लॅपटॉपला लावलं तर पुण्याच्या पीसीत दिसू शकेल, पुण्यात लावलेलं दिसणार नाही. नुसता स्क्रीन दाखवणारं साधन वापरलंत, म्हणजे त्या मुलासमोरचाच पडदा तुम्हाला दिसेल असं, तर हा अडथळा येत नाही.

कायदा_आणि_चहा
आणि राजे, ठाण्याहून पुण्याचं दुसऱ्याचं डोंगल वापरताय म्हणजे कलम ४२...

रिमोट_राजा
डोंगल माझंच आहे हो.

खतावणी_बंद
थेट उघडलं तर उत्तर येतंय. फायरफॉक्समधून लॉगिन झालं! क्रोममध्ये अजूनही "इन्स्टॉल करा". डोकं फिरलं माझं.

तारवाला
सापडलं. मदतनीस जिवंत आहे, क्रोम स्वतः तिथे जाऊ शकतो, पण पोर्टलच्या पानाला तो जाऊ देत नाही. २०२५ च्या अखेरीस आलेल्या क्रोम १४२ पासून हा नियम आहे: बाहेरच्या संकेतस्थळाला तुमच्या मशीनवरच्या किंवा घरच्या नेटवर्कवरच्या गोष्टींशी बोलायचं असेल तर ब्राउझर आधी तुम्हाला विचारतो. नियम योग्यच आहे, नाहीतर कुठलंही पान तुमच्या राउटरचं दार वाजवू शकतं. तुम्ही गेल्या काही दिवसांत पोर्टलवर आलेल्या कुठल्यातरी खिडकीला Block म्हटलंय का?

पोर्टल उघडा, पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर टिचकी मारा, Site settings मध्ये जा, Local network access शोधा आणि Allow करा. आवृत्तीप्रमाणे नाव थोडं बदललेलं दिसेल. मग पान पुन्हा लोड करा.

खतावणी_बंद
झालं. आणि हो, कबूल करतो, ती खिडकी मीच बंद केली होती. "लोकल नेटवर्कवरची उपकरणं शोधू देऊ का" असं काहीतरी होतं. ऑफिसचा प्रिंटर कशाला हवा यांना, म्हणून Block दाबलं. शहाणपणाच केला असं वाटलं होतं.

जुना_आर्टिकल
बघा, म्हणजे १५८५ वर जाऊन Proceed म्हणण्यासारखंच झालं की. परवानगीच द्यायची.

तारवाला
सारखं वाटतं, पण नाही. तिथे तुम्ही मदतनिसाच्या सर्टिफिकेटवर विश्वास ठेवता, इथे पोर्टलच्या पानाला आत येऊ देता. तुम्ही यांच्या लॅपटॉपवर १५८५ उघडलं असतंत तर काहीच सापडलं नसतं.

सांगलीची_सीए
माझा राग वेगळा आहे. माणूस तीनदा प्रोग्राम काढतो-घालतो, कारण पान सांगतं "इन्स्टॉल करा". खरं कारण "परवानगी नाही" हे आहे. तेवढं वाक्य लिहायला काय जातं?

तारवाला
पानाची बाजूही बघा. अडवलेली हाक आणि न मिळालेलं उत्तर, दोन्ही त्याला "जोडणी झाली नाही" अशीच दिसतात.

सांगलीची_सीए
मग दोन्ही शक्यता लिहा! माझ्या क्लायंटला मी "एकतर हे, नाहीतर ते" असं रोज सांगते.

तारवाला
हे मान्य.

खतावणी_बंद
माझ्या पहिल्या पोस्टमधलं अर्धं मागे घेतो. डोंगल निर्दोष. पण कंपनीच्या आयकर रिटर्नला आजही डीएससी सक्तीची, आणि ती लावायला ड्रायव्हर, मदतनीस, राउटर, ब्राउझर चौघांची मर्जी सांभाळायची. कोविडच्या काळात, २०२० आणि २०२१ मध्ये, कंपन्यांना जीएसटीची मासिक रिटर्न ओटीपीने भरू दिली होती. तेव्हा आभाळ कोसळलं नाही.

कायदा_आणि_चहा
तेव्हा दुकानं बंद होती, डोंगल ऑफिसात अडकले होते. अडचणीतली सोय हा नियम होत नाही. सिम हरवलं की मग मला टॅग करा.

सांगलीची_सीए
आणि माझा डबा हरवला की मला.